मृत भागधारकाचे शेअर आणि संचालकांचा नकार

शीव कोळीवाड्यात मासळीसाठी शीतगृह चालवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी उदाहरणासाठी डोळ्यांसमोर आणू. भागधारक दोघेच आणि संचालकही तेच दोघे. प्रत्येकाकडे शंभर रुपये दर्शनी किमतीचे पाच हजार शेअर, सगळ्यांचे पैसे भरलेले. एक भागीदार मृत्युपत्र न करता जातो. मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला साडेबाराशे शेअर येतात. (आईला या हिशेबातून वगळण्याची चूक घरोघरी होते.) महिन्याभराने पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीत जाते, तेव्हा उरलेला संचालक सांगतो की कंपनी खाजगी आहे, शेअर कोणाच्या नावावर करायचे हे संचालक मंडळ ठरवेल, आणि मंडळाला हे मान्य नाही. त्याच बैठकीत तो शेअर दर्शनी किमतीला विकत घ्यायची तयारीही दाखवतो. मुंबईतल्या छोट्या कौटुंबिक कंपन्यांमध्ये वारसांना मिळणारे उत्तर बहुधा याच वळणाचे असते. त्यातले किती कायद्याला धरून आहे, हे या लेखात तपासायचे आहे. माझे म्हणणे असे की या एका नकारात तीन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात: वारस कोण, त्याचा पुरावा पुरेसा आहे का, आणि हा माणूस सभासद म्हणून हवा की नको. पहिला प्रश्न संचालकांचा नाहीच. दुसरा त्यांचा आहे, पण मर्यादेत. तिसरा फक्त नियमावलीने तसा अधिकार दिला असेल तरच त्यांचा, आणि तेव्हाही तो कारणांसह लेखी वापरावा लागतो.

शेअर विकले किंवा बक्षीस दिले की ते हस्तांतरण होते. त्याला एसएच-4 हा नमुना, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि मुद्रांक शुल्क लागते. मृत्यूनंतर शेअर वारसाकडे जातात तेव्हा यातले काहीच लागत नाही, कारण देणारा सही करायला उरलेला नसतो. शेअर कायद्याच्या बळावर जातात. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 56 मध्ये हा फरक स्पष्ट आहे: हस्तांतरणाचा दस्त नसेल तर नोंद करायची नाही असे सांगून झाल्यावर लगेच पुढच्या पोटकलमात म्हटले आहे की कायद्याने हक्क ज्याच्याकडे गेला त्याची सूचना आली तर कंपनीच्या नोंद करण्याच्या अधिकाराला आधीच्या अटीची बाधा येत नाही. सूचना मिळाल्यापासून एक महिन्यात नव्या नावाचे शेअर प्रमाणपत्र द्यायचे असते. म्हणजे वारसाला मालकी कंपनी देत नाही. ती मृत्यूच्या क्षणी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरलेली असते. कंपनीच्या हातात असते ती सभासद नोंदवही, आणि त्या नोंदीबरोबर येतो सभेला बसण्याचा व मत देण्याचा हक्क. वादाची जागा एवढीच आहे, पण दोघांच्या कंपनीत एवढ्यातच सगळे येते.

मग संचालकांचा नकाराधिकार येतो कुठून? कायद्यातून थेट येत नाही, तो कंपनीच्या नियमावलीतून येतो. खाजगी कंपनीच्या व्याख्येतच शेअर हस्तांतरणावर बंधन असले पाहिजे अशी अट आहे, त्यामुळे प्रत्येक नियमावलीत काही ना काही बंधन असतेच. पण हस्तांतरणावरचे बंधन मृत्यूनंतरच्या नोंदीला आपोआप लागू होत नाही. 1879 साली बेंथम मिल्स स्पिनिंग कंपनीच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हेच सांगितले होते. तिथे प्रश्न दिवाळखोराच्या मालमत्तेच्या विश्वस्ताचा होता, आणि न्यायालयाने ठरवले की हस्तांतरण नाकारण्याचा अधिकार कायद्याने आलेल्या हक्काच्या नोंदीपर्यंत ताणता येत नाही. नियमावलीत तसा वेगळा शब्द हवा. आपल्याकडे तो शब्द बऱ्याचदा सापडतो, कारण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या तक्ता एफ या नमुना नियमावलीत तो आहे. तिचा 24 वा नियम म्हणतो की मृत्यूमुळे हक्कदार झालेली व्यक्ती, मंडळाने योग्य रीतीने मागितलेला पुरावा दिल्यावर, स्वतःचे नाव लावून घेऊ शकते किंवा मृताला जसे करता आले असते तसे शेअर दुसऱ्याला देऊ शकते. दोन्ही प्रसंगी मंडळाला नकाराचा तोच अधिकार राहतो, जो मृताने हयातीत शेअर दिले असते तर मिळाला असता.

हे वाचून संचालक खुश होतात, पण चार नियम मागे जाऊन त्यांनी 20 वा नियम पाहायला हवा. हयातीतले हस्तांतरण नाकारण्याचा जो अधिकार तक्ता एफ देते, तो दोनच प्रसंगांत: शेअरचे पूर्ण पैसे भरलेले नसतील आणि घेणारी व्यक्ती मंडळाला पसंत नसेल, किंवा त्या शेअरवर कंपनीचा लिएन, म्हणजे येणे बाकीबद्दलचा तारणहक्क असेल. आपल्या शीतगृहाच्या कंपनीने तक्ता एफ जशीच्या तशी घेतली असेल आणि पाच हजार शेअरचे पैसे पूर्ण भरलेले असतील, तर 24 व्या नियमाने वारसाकडे वाहून आणलेला अधिकार जवळजवळ रिकामा आहे. म्हणून नियमावली वाचल्याशिवाय या वादात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. पुष्कळ खाजगी कंपन्यांनी त्यात जादा कलम घातलेले असते: कोणतेही हस्तांतरण कोणतेही कारण न देता नाकारण्याचा संपूर्ण अधिकार संचालकांना राहील. हे कलम असेल आणि 24 व्या नियमासारखा दुवाही असेल, तर खरा वाद तिथून सुरू होतो. दुवा नसेल, तर बेंथम मिल्सचा जुना निकाल वारसाच्या बाजूने उभा राहतो.

या संपूर्ण अधिकाराचा सर्वांत कडक वापर 1942 च्या स्मिथ अँड फॉसेट या इंग्रजी खटल्यात दिसतो, आणि तो आपल्या उदाहरणाशी हुबेहूब जुळतो. कंपनीचे 8,002 शेअर, दोन संचालक, प्रत्येकाकडे 4,001. फॉसेट वारले. त्यांच्या मुलाने मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून शेअर नावावर मागितले. स्मिथ यांनी दुसरा संचालक नेमून घेतला, मग दोघांनी मिळून नकार दिला आणि प्रस्ताव ठेवला: 2,001 शेअर तुझ्या नावावर करतो, उरलेले 2,000 मी ठरवतो त्या किमतीला मला विक. अपील न्यायालयाने नकार कायम ठेवला. लॉर्ड ग्रीन यांनी घालून दिलेली कसोटी आजही उद्धृत होते: संचालकांनी प्रामाणिकपणे, त्यांच्या मते जे कंपनीच्या हिताचे आहे ते करावे, न्यायालयाच्या मते जे हिताचे ते नव्हे, आणि अधिकार भलत्याच हेतूसाठी वापरू नये. मुलाला संचालकांचा अप्रामाणिकपणा सिद्ध करता आला नाही, म्हणून तो हरला.

हा निकाल पुढे करून शीव कोळीवाड्यातला संचालक जिंकेल असे वाटू शकते. माझे मत तसे नाही, आणि त्याचे कारण आपल्या कायद्याच्या रचनेत आहे. स्मिथ यांना कारण द्यायची गरजच नव्हती, आणि गप्प राहणाऱ्या संचालकाचा अप्रामाणिकपणा सिद्ध करणे फार अवघड. भारतात खाजगी कंपनीला गप्प राहता येत नाही. कलम 58 प्रमाणे नकार नियमावलीतल्या अधिकाराने दिलेला असो वा अन्य कोणत्या आधारावर, सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत कारणांसह लेखी कळवावाच लागतो, आणि या कलमात वारसाची सूचना स्पष्ट शब्दांत धरलेली आहे. नियमावलीतले ‘कोणतेही कारण न देता’ हे शब्द या कलमापुढे टिकत नाहीत. कारण एकदा कागदावर आले की ते तपासता येते. कसे तपासायचे हे सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये बजाज ऑटो विरुद्ध एन. के. फिरोदिया या खटल्यात सांगितले. बजाज आणि फिरोदिया ही पुण्याच्या उद्योगातली दोन नामांकित घराणी, आणि शेअर नावावर करण्यास दिलेला नकार हाच वादाचा विषय. प्रकरण हयातीतल्या हस्तांतरणाचे होते, तरी कसोटी नकाराच्या अधिकाराचीच आहे: संचालकांनी कंपनीच्या हितासाठी निर्णय घेतला का, चुकीच्या तत्त्वावर घेतला का, आणि त्यामागे आडहेतू होता का. कारणे दिली असतील तर ती रास्त आहेत का, हे न्यायालय पाहते.

ही कसोटी आपल्या कंपनीला लावू. मुलगा शेजारीच दुसरे शीतगृह चालवतो आणि कंपनीचे हिशेब व गिऱ्हाइकांची माहिती त्याच्या हाती जाईल, असे कारण दिले, तर ते कंपनीच्या हिताशी जोडलेले आहे. ते खरे असेल तर टिकण्याजोगे आहे, आणि तेही फक्त मुलाच्या साडेबाराशे शेअरपुरते. आई, पत्नी आणि मुलगी यांना ते लागू होत नाही. ‘सुनेशी पटत नाही’, ‘बाईमाणसाला धंद्यातले कळत नाही’, ‘मयत भागीदार माझे पैसे देणे लागत होता’ ही कारणे टिकणारी नाहीत. शेवटचे कारण फसवे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. भागीदाराचे वैयक्तिक देणे दुसऱ्या भागीदाराला असेल, तर तो दिवाणी दावा आहे. लिएन म्हणजे कंपनीचे येणे, आणि तेही नियमावलीत जसे लिहिले असेल तसेच. आडहेतू ओळखण्याच्या खुणा नकाराच्या पत्रापेक्षा त्याच्या आगेमागे सापडतात. नकारासोबतच दर्शनी किमतीला खरेदीचा प्रस्ताव येतो, जेव्हा शीतगृहाची जागा आणि यंत्रे ताळेबंदात कितीतरी जास्त किमतीची असतात. किंवा नोंद अडलेली असतानाच नवे शेअर काढून उरलेला भागीदार स्वतःला देतो आणि मृताचा पन्नास टक्के हिस्सा हळूच पातळ होतो. स्मिथ यांचा प्रस्ताव 1942 मध्ये चालून गेला. कारणे लिहून द्यावी लागणाऱ्या भारतीय संचालकाने तोच प्रस्ताव ठेवला, तर तो त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा ठरू शकतो.

आता पुराव्याचा प्रश्न. इथे मला संचालकांची बाजूही समजते. चुकीच्या माणसाचे नाव लावले आणि उद्या खरा वारस उभा राहिला तर जबाबदारी कोणाची? त्यांना पुरावा मागण्याचा हक्क आहेच. मृत्युपत्र नसेल तर भारतीय वारसा कायदा, 1925 खालचे वारसा प्रमाणपत्र हा सर्वांत भक्कम कागद. मुंबईत त्यासाठी उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र व वारसा विभागात अर्ज होतो. त्या कायद्याचे कलम 381 कंपनीसाठी ढालीसारखे आहे: प्रमाणपत्रावर विसंबून सद्भावनेने केलेल्या व्यवहाराला संरक्षण मिळते, मग वारसांमध्ये पुढे काहीही वाद होवोत. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या आठव्या विनियमाखाली दिवाणी न्यायालय देते तो वारस दाखलाही महाराष्ट्रात चालत आला आहे. तलाठ्याकडची वारस नोंद मात्र जमिनीच्या दप्तरापुरती. मृत्युपत्र असेल तर प्रोबेट. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कित्येक दशके होती. 2025 च्या अखेरीस संसदेने ती सक्ती करणारे भारतीय वारसा कायद्याचे कलम 213 वगळले. तरीही वाद असेल तिथे मंडळाने न्यायालयाचा कागद मागणे मला गैर वाटत नाही. उलट चारही वारस एकमताने पुढे आले असतील, प्रतिज्ञापत्र, इन्डेम्निटी बाँड आणि हक्क सोडणाऱ्यांचे हक्कसोडपत्र द्यायला तयार असतील आणि रक्कम लहान असेल, तर वारसा प्रमाणपत्रावरच अडून बसणे हा सावधपणा राहत नाही. ‘योग्य रीतीने’ मागितलेला पुरावा, हे नियमाचे शब्द आहेत. आज एक कागद, तो आणला की पुढच्या महिन्यात दुसरा, अशी साखळी लागली की तो पुराव्याचा प्रश्न उरत नाही, तो वेष पालटलेला नकार असतो. अपुऱ्या कागदांची सगळी यादी एकाच पत्रात आणि तीस दिवसांच्या आत द्यावी, हे मंडळाच्याही हिताचे आहे.

पुराव्याच्या चर्चेत नॉमिनीचे नाव हमखास निघते. कलम 72 खाली भागधारक एसएच-13 या नमुन्यात नॉमिनी नेमू शकतो, आणि नॉमिनी असेल तर कंपनीने त्याच्या नावाने नोंद करणे सोपे जाते. पण तो मालक होतो का? या प्रश्नाचा शेवटचा निकाल मुंबईच्याच एका प्रकरणातून आला. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे ऑगस्ट 2013 मध्ये निधन झाले. त्यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केले होते, आणि काही गुंतवणुकींना नॉमिनी नेमलेले होते. नॉमिनी की वारस हा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याआधी 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्याच एका निकालात नॉमिनीला मालक मानले गेले होते. 2016 मध्ये खंडपीठाने ते मत बाजूला ठेवले, आणि 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले: नॉमिनेशन हा वारशाचा तिसरा मार्ग नाही. कंपनीने कोणाशी व्यवहार करून मोकळे व्हायचे, एवढेच ते सांगते. शेअर शेवटी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जातात. हे संचालकांसाठीही मोलाचे आहे. नॉमिनी असताना वारसांचे भांडण सोडवत बसण्याची गरज त्यांना नाही, आणि नॉमिनीचे नाव लावले म्हणून त्यांनी खऱ्या वारसाला डावलले असेही होत नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: खाजगी कंपनी म्हणजे कंपनीचे रूप घेतलेली भागीदारी. मी एका माणसाच्या भरवशावर पैसा घातला. तो गेल्यावर त्याची बायको, मुलगा, जावई यांच्याबरोबर मी का बसावे? ही भावना रास्त आहे आणि कायद्याने खाजगी कंपनीला बंधन घालायला सांगितले ते त्याचसाठी. पण यात दोन गोष्टी मिसळल्या जातात. शेअर नावावर लागले म्हणजे संचालकपद मिळाले असे नाही. वारस सभेला येईल, मत देईल, लाभांश घेईल. रोजचा कारभार त्याच्या हाती जात नाही. दुसरे म्हणजे, नको असलेल्या वारसाला दूर ठेवण्याचा प्रामाणिक उपाय नियमावलीत आधीच लिहिता येतो: भागधारकाचा मृत्यू झाल्यास उरलेल्या भागधारकांना शेअर विकत घेण्याचा पहिला हक्क, आणि किंमत स्वतंत्र मूल्यनिर्धारकाने ठरवलेली. ही तरतूद नियमावलीतच असली पाहिजे. भागीदारांनी आपसांत केलेला करार नियमावलीत नसेल तर तो कंपनीवर किंवा भागधारकांवर बंधनकारक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. बी. रंगराज प्रकरणात म्हटले आहे. अशी तरतूद असूनही वाद होतात. नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’ची कंपनीही प्रायव्हेट लिमिटेड होती, आणि त्यांच्या कन्येने लढवलेला शेअरचा वाद 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तेव्हा नियमावलीतल्या बंधनांचे पालन झाले का, हाच त्यातला एक मुख्य प्रश्न होता. तरीही लिहिलेल्या किमतीच्या सूत्रावर भांडणे हे नकाराच्या धाकाने दर्शनी किंमत गळी उतरवण्यापेक्षा पुष्कळ बरे.

त्या संचालकाला आणखी एक गोष्ट कोणीतरी सांगायला हवी: दोघांच्या कंपनीत नकार त्याच्याच अंगावर उलटतो. मंडळाच्या बैठकीला किमान दोन संचालक लागतात. एकटा उरलेला संचालक कोरम पुरा होईल इतके संचालक वाढवण्यासाठी किंवा सर्वसाधारण सभा बोलावण्यासाठीच काम करू शकतो. त्यामुळे त्याने एकट्याने ‘मंडळाचा निर्णय’ म्हणून दिलेला नकार मुळात मंडळाचा निर्णयच नसतो. स्मिथ यांनी आधी दुसरा संचालक नेमला तो यासाठीच. सर्वसाधारण सभेलाही दोन सभासद हजर लागतात, आणि नोंदवहीत तर एकच जिवंत नाव उरले आहे. त्याहून गंभीर म्हणजे कलम 3अ: खाजगी कंपनीचे सभासद दोनच्या खाली गेले आणि तशाच स्थितीत सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ धंदा चालू राहिला, तर हे ठाऊक असलेला सभासद त्या मुदतीनंतर कंपनीने केलेल्या सगळ्या कर्जाला वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतो. मर्यादित जबाबदारीसाठी काढलेली कंपनी नोंद अडवल्यामुळे अमर्याद जबाबदारीची होते. वारसाचे नाव लावणे हाच त्यातून सुटण्याचा सरळ रस्ता आहे.

नकार आलाच, तर पत्नीने काय करायचे? आधी सूचना लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, कारण सगळ्या मुदती त्या तारखेपासून धावतात. नकाराचे पत्र मिळाले तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, आणि काहीच उत्तर आले नाही तर सूचना दिल्यापासून साठ दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुंबई खंडपीठ कफ परेडला आहे. उशीर माफ होईल या भरवशावर मुदत घालवू नये. न्यायाधिकरण अपील फेटाळू शकते, दहा दिवसांत नोंद करण्याचा आदेश देऊ शकते, किंवा नोंदवही दुरुस्त करून नुकसानभरपाई द्यायला लावू शकते. न्यायाधिकरणाचा आदेश मोडणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. नोंद होईपर्यंत वारस अगदी हात बांधून बसलेला नसतो. तक्ता एफ त्याला लाभांशाचा हक्क देते, मताचा नाही. कलम 56 प्रमाणे मृताच्या कायदेशीर प्रतिनिधीने केलेले हस्तांतरण त्याचे स्वतःचे नाव नोंदवहीत नसले तरी वैध असते. आणि वर्ल्ड वाइड एजन्सीज विरुद्ध मार्गरेट डेसॉर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की ज्याचे नाव अजून लागलेले नाही असा वारसही कंपनीतल्या जुलुमाविरुद्ध अर्ज करू शकतो. शेअर पातळ करण्यासाठी नवे शेअर काढले गेले असतील तर तो दरवाजा उघडा आहे. पण वारस आपसांतच भांडत असतील, मृत्युपत्र खरे की खोटे हाच वाद असेल, तर तो दिवाणी न्यायालयात सोडवावा लागतो. अशा वेळी संचालकांनी कोणाचेही नाव न लावता न्यायालयाचा कागद मागितला, तीस दिवसांत तसे लिहून कळवले आणि त्या काळात शेअरच्या संख्येला हात लावला नाही, तर तो नकार न्यायाधिकरणात टिकेल असे मला वाटते.